किंमत सतराव्या पानावर आणि मालकांचा फोन आठवड्याने

«नमस्कार. आमची कारखान्यांच्या छतावर सोलर बसवून देणारी छोटी फर्म आहे. भोसरी-चाकण पट्ट्यात काम करतो. प्रपोजल मी लिहिते. बावीस पानं होतात, त्यातलं पहिलं पान सारांशाचं. मागे एका मशीनिंगच्या कारखान्याला 100 किलोवॅटचं प्रपोजल पाठवलं. आठवड्याने मालकांचा फोन आला: "मॅडम, एकूण पैसे किती, किती दिवसांत होणार आणि बिल कितीनं कमी येणार?" तिन्ही गोष्टी आत लिहिलेल्या होत्या! सारांशाची सुरुवात अशी होती: "सौरऊर्जा ही काळाची गरज आहे. आमची संस्था गुणवत्ता आणि सेवा या दोन तत्त्वांवर उभी असून, अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने आम्ही आपणांस अत्याधुनिक व किफायतशीर सोलर सोल्युशन देऊ इच्छितो. या प्रकल्पातून 25 वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक बचत अपेक्षित आहे." आमचे भागीदार म्हणतात, किंमत पहिल्याच पानावर टाकली तर गिऱ्हाईक पुढचं वाचतच नाही. पूर्ण प्रपोजल आणि त्यांची वर्षाची वीजबिलं सोबत जोडली आहेत. सारांश नेमका कसा बदलू?
एक वाचक, पिंपरी-चिंचवड»

नमस्कार मॅडम,

मालकांनी फोनवर जे तीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्याच क्रमाने लिहिलीत की तुमचा सारांश तयार होतो. पैसे, मग दिवस, मग बिल. तो क्रम तुम्ही ठरवायचा नाही, त्यांनी ठरवून दिला आहे.

तुमचं प्रपोजल मी मालकांच्या जागी बसून वाचलं. पैशांसाठी सतराव्या पानावर जावं लागतं. तिथे दोन तक्ते आहेत, एक मालाचा आणि एक मजुरी-उभारणीचा, पण दोन्हींची बेरीज कुठेच नाही. जीएसटी "नियमानुसार वेगळा" आहे. दिवसांसाठी बाराव्या पानावर आडव्या पट्ट्यांचा तक्ता आहे, त्यात "आठवडा 1, आठवडा 2" असं लिहिलंय, पण पहिला आठवडा कुठल्या दिवसापासून मोजायचा ते नाही. बचत एकोणिसाव्या पानावर आहे आणि तीही 25 वर्षांची एकत्र. म्हणजे उत्तरं आहेत हे खरं, पण ती जुळवण्याचं काम मालकांवर सोडलेलं आहे. शॉपवर उभा असलेला माणूस कॅल्क्युलेटर घेऊन तीन पानं चाळत बसणार नाही. तो तुम्हाला फोन करतो, आणि हा फोन करणारा निदान इच्छुक तरी असतो. ज्यांनी फोन केला नाही त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

सुरुवातीची दोन वाक्यं काढून टाका. नमनाला घडाभर तेल झालं आहे. सौरऊर्जा काळाची गरज आहे हे पटलं नसतं तर त्यांनी तुम्हाला छत मोजायला बोलावलंच नसतं. गुणवत्ता, सेवा, अनुभवी अभियंते हे शब्द तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रपोजलमध्येही याच क्रमाने असणार. तुम्ही याच पट्ट्यात केलेली कामं आहेत, ती दाखवण्यासारखी आहेत, पण त्यांची जागा दुसऱ्या पानावर.

आता तुमच्या भागीदारांच्या मुद्द्याकडे येते. त्यांची भीती मी समजू शकते, पण ती या व्यवहाराला लागू होत नाही. तुमच्या प्रकल्पाचा एकूण खर्च 49 लाख येतो, त्याचा हिशेब पुढे देते. एवढी महाग वस्तू किंमत न कळता कोणी घेत नाही. मालक किंमत शोधणारच, आणि ती सापडेपर्यंत बाकीचं काहीही त्यांच्या डोक्यात शिरणार नाही. किंमत पाहून जो पुढे वाचत नाही तो सतराव्या पानावर पाहूनही ऑर्डर देणार नव्हता. खरी अडचण किंमत उघडी पडण्यात नसते, ती एकटी पडण्यात असते. 49 लाखांखाली लगेच "वर्षाला 10 लाख 40 हजार वाचतील" हे असेल तर तो आकडा वेगळा दिसतो. म्हणून तिन्ही गोष्टी एका नजरेत यायला हव्यात, नुसत्या एका पानावर असून भागत नाही.

खर्चापासून सुरू करू. तुमच्या दोन तक्त्यांची बेरीज मी केली, ती 45 लाख होते. त्यावर तुम्ही लावलेला जीएसटी धरला की 49 लाख. सारांशात 49 लाखच लिहा, "जीएसटीसह एकूण" असं स्पष्ट म्हणून. त्यांच्या खात्यातून जाणारी रक्कम ती आहे. जीएसटीचं क्रेडिट त्यांना घेता येईल की नाही हे त्यांचे सीए बघतील. करापूर्वीची 45 लाखांची रक्कम कंसात दिलीत तरी पुरे. कमी दिसावं म्हणून 45 पुढे ठेवाल आणि मागाहून 49 चं बिल जाईल, तर त्या चार लाखांवरून जो संशय येतो तो सगळ्या प्रपोजलवर पसरतो.

एकूण रकमेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैसे कधी कधी जाणार. तुमच्या अटींप्रमाणे ऑर्डरसोबत 30 टक्के, माल साइटवर आल्यावर 60 आणि नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर, लागल्यावर 10. टक्के लिहू नका, रुपये लिहा: 14 लाख 70 हजार, 29 लाख 40 हजार, 4 लाख 90 हजार. मालक महिन्याच्या पेमेंटच्या हिशेबात विचार करतात. "60 टक्के" वाचून त्यांना पुन्हा गुणाकार करावा लागतो, "29 लाख 40 हजार" वाचलं की बँकेत बोलायचं का ते तिथल्या तिथे ठरतं.

या खर्चात काय धरलेलं नाही, तेही पहिल्या पानावरच यायला हवं. तुमच्या एकविसाव्या पानावर बारीक अक्षरात एक अट आहे: "छताच्या मजबुतीची जबाबदारी ग्राहकाची राहील." आणि साइट सर्व्हेच्या पानावर लिहिलंय की शेड नंबर 2 वर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. ही दोन वाक्यं एकत्र वाचली की अर्थ निघतो तो असा: त्या पत्र्यांवर पॅनल बसवता येणार नाहीत, ते बदलावे लागतील, आणि तो खर्च मालकांचा. तुमच्या सर्व्हेत त्याचा अंदाज सहा लाखांचा आहे. सहा लाखांची गोष्ट अटींच्या पानावर ठेवू नका. काम सुरू झाल्यावर फॅब्रिकेटर पत्र्यांचा भाव सांगेल तेव्हा मालक तुमच्याशी भांडतील, आणि त्यांचं बरोबर असेल. छोट्या वगळलेल्या गोष्टी, जसं पॅनल धुण्यासाठी छतावर पाण्याची लाइन, आत राहू द्या. एकूण रकमेच्या दोन-चार टक्क्यांपुढे जाणारं काही वगळलं असेल तर ते वर आणायचं, असा अंदाज मी धरते.

आणखी एक छोटी ओळ: कारखान्याला सबसिडी नाही. पीएम सूर्यघर योजनेच्या जाहिराती सगळीकडे दिसतात, पण ती सबसिडी घरगुती ग्राहकांसाठी आहे. मालकांच्या मनात कुठेतरी "यातले काही पैसे सरकार देईल" असं असेल तर ते पहिल्याच पानावर निघून जाऊ द्या.

आता दिवस. तुमचा तक्ता चौदा आठवड्यांचा आहे आणि त्यात सगळी कामं एका रंगात आहेत. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळ्या प्रकारचे आठवडे आहेत. माल मागवणं, स्ट्रक्चर उभं करणं, पॅनल, केबल, इन्व्हर्टर जोडणं हे तुमच्या हातात आहे आणि ते नऊ आठवड्यांत होतं असं तुम्ही म्हणता. त्यानंतर महावितरणची तपासणी, मीटरची चाचणी, करार आणि नेट मीटर बसणं. हे तुमच्या हातात नाही. तुम्ही फक्त अर्ज वेळेत आणि बिनचूक देऊ शकता, पाठपुरावा करू शकता. पहिल्या भागाला तुम्ही वचन देऊ शकता, दुसऱ्याला फक्त अंदाज. दोन्ही एकाच आकड्यात मिसळून "14 आठवडे" लिहिलंत आणि मीटर तीन आठवडे अडकलं, तर मालकांच्या लेखी तुमच्याच कामाला उशीर झाला.

शिवाय मालकांना "प्रकल्प पूर्ण" या शब्दाशी देणं-घेणं नाही. त्यांना बिल कधी उतरणार ते हवंय. म्हणून तीन तारखा द्या: पॅनल बसून काम संपण्याची, नेट मीटर लागण्याची अंदाजे वेळ, आणि पहिलं कमी झालेलं बिल कुठल्या महिन्यात हातात येईल. आठवडे नको, तारखा. तारखांसाठी सुरुवात ठरवावी लागते, आणि तिथेच तुमची अटही आपोआप सांगितली जाते: अमुक तारखेला ऑर्डर आणि ॲडव्हान्स मिळाला आणि शेड 2 चे पत्रे अमुक तारखेपर्यंत बदलून झाले तर. ऑर्डर आठवडाभर लांबली की सगळं आठवडाभर लांबतं हे त्यांना कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

वेळेच्याच ओळीत उत्पादनाचं लिहा. कारखानदाराच्या दृष्टीने मशीन किती तास बंद राहणार हा वेळेचाच प्रश्न आहे, आणि तुमच्या बावीस पानांत तो फक्त तांत्रिक भागात आलाय: मेन पॅनलला जोडणी करताना सहा तासांचा शटडाऊन. तुम्ही तो साप्ताहिक सुट्टीला घेणार आहात. इतकी चांगली गोष्ट चौदाव्या पानावर दडवून का ठेवायची?

आता बचत. इथे तुमचं प्रपोजल मांडणीत नाही, हिशेबात कच्चं आहे, आणि सारांश नीट लिहायला बसलं की अशा गोष्टी बाहेर येतात.

साडेतीन कोटी हा आकडा कुठून आला ते मी मागे जाऊन पाहिलं. 100 किलोवॅटचा प्रकल्प वर्षाला 1,30,000 युनिट देईल असं तुम्ही धरलंय. पुणे भागासाठी हा अंदाज जपून केलेला आहे, तो ठेवा. त्याला तुम्ही 11 रुपयांनी गुणलंत, 14 लाख 30 हजार आले, ते 25 पट केले. हे 11 रुपये म्हणजे महिन्याचं सरासरी 3 लाख 30 हजारांचं बिल भागिले 30 हजार युनिट.

पण ते बिल उघडून बघा. त्यात सुमारे 90 हजार रुपये मागणी आकाराचे आहेत. तो आकार युनिटवर नाही, केव्हीएवर, म्हणजे एका वेळी ओढलेल्या कमाल विजेवर लागतो. सोलर लागल्यावर युनिट कमी होतात, पण ढग आलेल्या दुपारी किंवा संध्याकाळच्या पाळीत सगळी मशीन चालू असली की कमाल मागणी जवळपास तेवढीच नोंदवली जाते. म्हणजे ते 90 हजार सोलर लागल्यावरही जवळपास तसेच येत राहणार. युनिटबरोबर कमी होतात ते वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांच्यावरचं वीज शुल्क. हे या बिलात 2 लाख 40 हजारांच्या आसपास बसतं, म्हणजे युनिटमागे 8 रुपये. टीओडी लागू असलेल्या बिलात दिवसाच्या तासांचा दर वेगळा असतो, तेव्हा पॅनल ज्या तासांत वीज देतात त्याच तासांचा दर धरायचा, सरासरी नाही. या 8 रुपयांची त्या अंगानेही एकदा पडताळणी करून घ्या.

1,30,000 गुणिले 8 म्हणजे 10 लाख 40 हजार. तुमच्या 14 लाख 30 हजारांपेक्षा जवळजवळ चार लाखांनी कमी. परतफेड तुम्ही "साडेतीन वर्षांच्या आत" लिहिली होती, ती 49 लाखांवर पावणेपाच वर्षांच्या आसपास जाते, आणि पत्र्यांचे सहा लाख धरले तर सव्वापाच वर्षांच्या पुढे. हे लिहायला जीवावर येईल, पण लिहा. तुमचं प्रपोजल मालकांकडून त्यांच्या अकाउंटंटकडे आणि मेंटेनन्सच्या माणसाकडे जाणार आहे. मागणी आकार युनिटवर नसतो हे त्या मेंटेनन्सच्या माणसाला पक्कं माहीत असतं. त्याने "साहेब, यांनी दर चुकीचा धरलाय" एवढं म्हटलं की तुमचं काम संपलं, मग पॅनल कितीही चांगले असोत. उलट तुम्ही "मागणी आकार कमी होणार नाही, तो हिशेबात धरलेला नाही" असं स्वतःहून लिहिलंत, आणि दुसऱ्या कोणाच्या क्वोटेशनमध्ये साडेतीन वर्षं असतील, तर तोच माणूस त्यांना जाऊन विचारेल की तुम्ही दर कुठला घेतला.

25 वर्षांची बेरीज सारांशातून काढा. पॅनल जुने होतात तसं उत्पादन थोडं थोडं घटतं, इन्व्हर्टर मध्ये कधीतरी बदलावा लागतो, विजेचे दर कुठे जातील ते कोणाला सांगता येत नाही. हे सगळं 25 ने गुणून कोटींचा आकडा केला की तो मोठा दिसतो पण पकडता येत नाही. मालकांना महिन्याचं बिल माहीत आहे: 3 लाख 30 हजार. त्याच्या शेजारी सरासरी 2 लाख 43 हजार लिहा, 87 हजारांचा फरक त्यांना लगेच दिसेल. मात्र "सरासरी" हा शब्द गाळू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन बरंच खाली येतं आणि उन्हाळ्यात वर जातं. पहिलंच बिल पावसाळ्यात आलं आणि 87 हजार कमी झाले नाहीत, तर तो फोन तुम्हालाच यायचा आहे.

अंदाज आणि हमी यांची फारकतही इथेच करा. 1,30,000 हा अंदाज आहे. तुमच्या अटींत पहिल्या वर्षी 1,20,000 युनिटची हमी आहे आणि त्याहून कमी पडले तर फरकाचे पैसे तुम्ही देणार आहात. तुमच्या सबंध प्रपोजलमधलं हे सगळ्यात वजनदार वाक्य आहे आणि ते विसाव्या पानावर आहे! ते वर आणा. घसाऱ्याचा फायदा मात्र वर आणू नका. सोलरवर 40 टक्के दराने घसारा मिळतो हे खरं, पण त्यातून प्रत्यक्ष किती कर वाचेल ते कारखान्याच्या नफ्यावर अवलंबून आहे. तो मुद्दा सीएंसाठी आत ठेवा. परतफेडीत तो मिसळला तर तुमचा आकडा कोणालाच तपासता येणार नाही.

हे सगळं धरून मी तुमचा सारांश असा लिहीन:

शेड 1 व 2 च्या छतावर 100 किलोवॅट सौर प्रकल्प

खर्च: जीएसटीसह एकूण 49 लाख रुपये (करापूर्वी 45 लाख). ऑर्डरसोबत 14.7 लाख, माल आल्यावर 29.4 लाख, नेट मीटर लागल्यावर 4.9 लाख. शेड 2 चे सिमेंटचे पत्रे बदलावे लागतील. त्याचा अंदाजे 6 लाखांचा खर्च यात नाही. कारखान्यांसाठी सबसिडी नाही.

वेळ: 1 डिसेंबरला ऑर्डर व ॲडव्हान्स मिळाल्यास आणि पत्रे डिसेंबरअखेर बदलून झाल्यास आमचं काम 31 जानेवारीला पूर्ण. नेट मीटर महावितरणकडून मार्चच्या मध्यापर्यंत अपेक्षित. ही तारीख आमच्या हातात नाही. पहिलं कमी झालेलं बिल एप्रिलमध्ये. उत्पादन बंद: एका साप्ताहिक सुट्टीला 6 तास.

फायदा: महिन्याचं बिल सरासरी 3.30 लाखांवरून 2.43 लाख. वर्षाला सुमारे 10.4 लाखांची बचत (1,30,000 युनिट, युनिटमागे 8 रुपये, मागणी आकार कमी होणार नाही असं धरून). पैसे परत येण्यास अंदाजे पावणेपाच वर्षं, पत्र्यांचा खर्च धरल्यास सव्वापाच ते साडेपाच. पहिल्या वर्षी 1,20,000 युनिटची आमची लेखी हमी. कमी पडल्यास फरक आम्ही भरू.

आपल्याकडून हवं: 30 नोव्हेंबरपर्यंत होकार. हा भाव त्या तारखेपर्यंत कायम आहे.

शेवटची ओळ तुमच्या जुन्या सारांशात नव्हतीच. तिथे "आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत" होतं. मालकांनी नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत, हे त्यातून कळत नाही. मात्र 30 नोव्हेंबर ही तारीख तुमच्या पुरवठादाराने खरोखर भाव धरून ठेवला असेल तरच लिहा. नुसती घाई करण्यासाठी टाकलेली मुदत उलटून गेल्यावर तुम्ही त्याच भावात काम घेतलंत, की पुढच्या प्रत्येक तारखेची किंमत जाते.

मांडणीबद्दल थोडंसंच. तुम्ही प्रपोजल व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवता, म्हणजे ते आधी फोनवर उघडलं जातं. पहिल्या पानावर अर्धी जागा लोगो आणि सूर्यफुलांच्या फोटोने घेतली आहे. दोन्ही काढा, पहिलं पान पूर्ण सारांशालाच द्या. अक्षर एवढं मोठं ठेवा की फोनवर बोटांनी मोठं न करता वाचता येईल. तीन रकाने शेजारी-शेजारी करण्याचा मोह होईल, पण फोनवर ते बारीक होतात. एकाखाली एक बरे. पीडीएफसोबत जो मेसेज जातो त्यात "कृपया सोबतचे प्रपोजल पाहावे" ऐवजी एकच ओळ लिहा: "100 किलोवॅट, एकूण 49 लाख, आमचं काम 31 जानेवारीला पूर्ण, बिल महिन्याला सरासरी 87 हजारांनी कमी." फाइल न उघडताही त्यांना तिन्ही उत्तरं मिळाली पाहिजेत.

पाठवण्याआधी सारांशातला प्रत्येक आकडा घेऊन आतल्या पानांवर तो तसाच आहे का ते बघा. तुमच्या प्रपोजलमध्ये सारांश बदलाल आणि एकोणिसाव्या पानावर साडेतीन कोटी तसेच राहतील, हे मला आत्ताच दिसतंय. सारांशासमोर पान क्रमांक द्या, "हिशेब पान 19", म्हणजे अकाउंटंट थेट तिथे जाईल. मग ऑफिसमधल्या अशा कोणाला तरी पान दाखवा ज्याने या कामावर हात घातलेला नाही. अर्धा मिनिट वाचू द्या, पान काढून घ्या आणि मालकांचेच तीन प्रश्न विचारा. "49 लाख" ऐवजी "45 की 49?" असं उत्तर आलं तर खर्चाची ओळ अजून साफ नाही. "जानेवारीत बिल कमी होईल" असं आलं तर कामाची तारीख आणि बिलाची तारीख एकमेकांत मिसळली आहे. त्या ओळी पुन्हा लिहा, बाकीच्यांना हात लावू नका.

प्रत्येक वेळी तुमच्या हातात वर्षाची बिलं असतीलच असं नाही. पुष्कळ कारखाने ऑर्डरची खात्री होईपर्यंत बिल देत नाहीत. अशा वेळी सारांशात फायद्याच्या जागी दुसऱ्या कारखान्याचा दर वापरून रुपये लिहू नका. युनिट लिहा, ते तुम्हाला माहीत आहेत: "वर्षाला सुमारे 1,30,000 युनिट, 1,20,000 ची हमी." आणि त्याखाली: "एका महिन्याचं बिल पाठवल्यास त्याच दिवशी रुपयांतली प्राथमिक बचत, आणि बारा महिन्यांची बिलं मिळाल्यावर पक्का हिशेब कळवतो." बिल आलं की मागणी आकार बाजूला काढा, उरलेली रक्कम युनिटने भागा, आणि सुधारलेलं पहिलं पान त्याच दिवशी परत पाठवा.